व्हीयूएस (आनुवंशिक कर्करोगाच्या जनुक-तपासणी अहवालातील)

जनुकात बदल सापडला, पण त्याने कर्करोगाचा धोका वाढतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा आज नाही, असा प्रयोगशाळेचा शेरा म्हणजे व्हीयूएस. 2015 पासून रूढ असलेल्या पाच पायऱ्यांत हा शेरा मधला आहे: वर रोगकारक व बहुधा रोगकारक, खाली बहुधा निरुपद्रवी व निरुपद्रवी.

अहवालात बदलाचा पत्ता असतो. उदाहरणार्थ BRCA2 जनुकातील `c.1114A>C, p.Asn372His`: 1114व्या जागी A ऐवजी C हे अक्षर आले, म्हणून प्रथिनातील 372वे अमिनो आम्ल बदलले. वाचताना धडकी भरते, पण हा बदल असंख्य निरोगी माणसांत आढळतो आणि निरुपद्रवी ठरलेला आहे. धोका नुसत्या त्या अक्षरांवरून कळत नाही. तो बदल किती लोकांत दिसतो आणि घरातल्या कर्करोग झालेल्यांतच तो आढळतो का, यावरून मुख्यतः कळतो. भारतीयांची जनुकीय नोंद जागतिक संग्रहांत तुलनेने कमी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या अहवालांत हा शेरा जास्त दिसतो.

समजा, यावल तालुक्यातील एका बाईंना 44व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि मावशीला अंडाशयाचा होता. जळगावात रक्त दिले, अहवालात BRCA2 मध्ये व्हीयूएस आला. धाकटी बहीण तोच बदल तपासून घेते, तो तिच्यात नसतो, आणि ती निर्धास्त होते. सर्वात जास्त घात इथेच होतो. बदल धोक्याचा आहे हेच सिद्ध नसताना तो नसण्याने धोका कमी होत नाही. मावशी आणि बहीण या दोघींचा इतिहास तसाच उभा आहे, म्हणून तिची तपासणी त्या इतिहासावरच ठरते; स्तनांची तपासणी कधीपासून सुरू करायची हे ठरवताना घरातील सर्वात कमी वयाच्या निदानाआधीची साधारण दहा वर्षे धरतात, म्हणजे इथे चौतिसाव्या वर्षापासून. उलट, केवळ या शेऱ्यावर अंडाशय काढणे किंवा ओलापॅरिब हे कर्करोगाचे औषध सुरू करणे हेही चूकच.

उपयोगाची तपासणी मावशीची, कारण तिलाही कर्करोग झाला होता. तिच्यात हा बदल नसेल, तर तिच्या आजाराचे कारण तो नाही, आणि संशय थोडा कमी होतो. असेल तर पुरावा थोडा वाढतो, पण भाचीत तो आईकडूनच आला असावा एवढेच म्हणता येते. एका घरावरून शेरा सहसा बदलत नाही. बदल वडिलांकडून आला असेल, तर मावशीच्या आजाराशी त्याचा संबंधच उरत नाही.

पुढे पुरावा जमला की शेरा बदलतो, आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवीकडे झुकतो. पण प्रयोगशाळा दरवेळी स्वतःहून कळवेलच असे नाही. अहवालाची मूळ प्रत जपावी, फोन नंबर बदलल्यास प्रयोगशाळेला कळवावा, आणि वर्षा-दोन वर्षांनी जनुक-समुपदेशकाला बदलाचा तोच पत्ता दाखवून ‘क्लिनव्हार’ या खुल्या संग्रहात नवे काही आले का ते विचारावे.