तिसरी वाट जोडली आणि प्रवाह घटला

ठाण्यातील आमच्या गृहसंकुलात गेल्या महिन्यात एक विक्रेता ‘विजेचे बिल निम्म्यावर आणणारी’ डबी घेऊन आला होता. त्याने क्लॅम्प मीटरचा चिमटा तारेभोवती अडकवला, डबी सॉकेटमध्ये खोचली आणि प्रवाहाचा आकडा खरोखरच खाली आला. दहावीत शिकणाऱ्या शेजारच्या मुलाने मला नंतर विचारले की, समांतर जोडणीत आणखी एक वाट वाढली की एकूण प्रवाह वाढतो असे आम्ही शिकलो, मग येथे तो कमी कसा झाला? त्या डबीत सहसा एक कपॅसिटर असतो आणि प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आपण एक सोपे उदाहरण घेऊ. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ११५ ओहमचा रोध, ०.५ हेन्रीची गुंडाळी आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे तिन्ही समांतर जोडले आहेत. समांतर जोडणीत तिघांवरचे व्होल्टेज एकच असते, म्हणून येथे अडथळ्यापेक्षा ‘वाट किती मोकळी आहे’ हे मोजणे सोयीचे ठरते. अडथळ्याला इम्पिडन्स (Z) आणि मोकळेपणाला अ‍ॅडमिटन्स (Y) म्हणतात. हे दोन्ही शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी अनुक्रमे १८८६ आणि १८८७ मध्ये रूढ केले. मोकळेपणाचे एकक सीमेन्स आहे आणि समांतर वाटांचे मोकळेपण सरळ बेरजेत येतात:

Y = 1/R + j(ωC − 1/ωL), ω = 2πf

येथे R म्हणजे रोध, L गुंडाळी, C कपॅसिटर आणि f वारंवारता, तर j ही पाव आवर्तनाचा, म्हणजे काटकोनाचा फरक दाखवणारी खूण आहे. या सूत्रातील वजाबाकीचे चिन्ह हाच सारा मर्म आहे. ५० हर्ट्झला व्होल्टेजचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. रोधातील प्रवाह व्होल्टेजबरोबरच चढतो आणि उतरतो. गुंडाळीतील प्रवाह मात्र पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद मागे राहतो, तर कपॅसिटरमधील प्रवाह तेवढाच पुढे असतो. म्हणजे या दोघांत अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते आणि ज्या क्षणी गुंडाळी प्रवाह ओढत असते, नेमक्या त्याच क्षणी कपॅसिटर तो परत देत असतो. गुंडाळीची गरज काही अंशी शेजारच्या कपॅसिटरकडूनच भागते आणि पुरवठ्याच्या तारेला तेवढा प्रवाह वाहून आणावा लागत नाही. नवी वाट उघडली हे खरे, पण ती उलट्या दिशेची आहे.

आता आकडे पाहू. रोधाचे मोकळेपण १/११५, म्हणजे ८.७० मिलिसीमेन्स आहे. ω ३१४.१६ असल्याने गुंडाळीचे ६.३७ आणि कपॅसिटरचे ३.१४ मिलिसीमेन्स येते. कपॅसिटर नसताना ८.७० आणि ६.३७ हे काटकोनात मांडून पायथागोरसच्या रीतीने एकूण १०.७८ मिलिसीमेन्स मिळतात. म्हणजे इम्पिडन्स ९२.८ ओहम आणि प्रवाह २.४८ अँपिअर. कपॅसिटर जोडल्यावर काटकोनातील बाजू ६.३७ वरून ३.२२ वर येते, एकूण ९.२७ होते, इम्पिडन्स १०७.८ ओहमपर्यंत वाढतो आणि प्रवाह २.१३ अँपिअरवर उतरतो. प्रत्येक वाटेत वेगळा चिमटा लावला, तर मात्र २.००, १.४६ आणि ०.७२ अँपिअर दिसतील, ज्यांची साधी बेरीज ४.१८ येते. असे आकडे थेट मिळवणे हीच येथील नेहमीची चूक असते.

आणखी एका ठिकाणी विद्यार्थी हमखास फसतात. Y उलटा केल्यावर Z सुमारे 101.1 + j37.5 ओहम येतो आणि त्याचा वास्तव भाग ११५ नसतो, कारण व्यस्त संपूर्ण संमिश्र संख्येचा घ्यायचा असतो, तिच्या भागांचा सुटा सुटा नव्हे. शिवाय हे सर्व आकडे फक्त ५० हर्ट्झचे आहेत. याच जोडणीत सुमारे ७१ हर्ट्झला गुंडाळी आणि कपॅसिटर एकमेकांचा परिणाम पूर्ण रद्द करतात, आणि त्यापलीकडे कपॅसिटरचे पारडे जड होते. खऱ्या गुंडाळीच्या तारेलाही थोडा रोध असतो, त्यामुळे प्रत्यक्षातील मापे या हिशेबापासून किंचित सरकतात.

राहिला प्रश्न बिलाचा. शक्ती खर्ची पडते ती केवळ रोधात, आणि ती डबीपूर्वीही ४६० वॅट होती व नंतरही ४६० वॅटच आहे. कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या प्रवाहाचा किती भाग खऱ्या कामी येतो याचा, हिशेब असल्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कपॅसिटर बँक बसवण्याला अर्थ आहे. घरगुती मीटर मात्र किलोवॅट-तास मोजतो. विक्रेत्याने प्रवाहाचा आकडा खरा दाखवला, पण त्यावरून काढलेला बचतीचा निष्कर्ष खोटा होता. हे पडताळण्यासाठी क्लॅम्प मीटर बाजूला ठेवून मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे छापलेले असेल, तर ४६० वॅटला तो साधारण दर अडीच सेकंदांनी चमकतो, आणि डबी लावली तरी त्या चमकण्याचा वेग कमी होत नाही.