आसनाची किंमत कोणी ठरवायची? जादा आरक्षण आणि बोर्डिंग नाकारण्यामागची पार्श्वभूमी

चिकलठाणा किंवा नांदेडच्या विमानतळावरून प्रवास करणाऱ्याला मुंबई-दिल्लीच्या प्रवाशापेक्षा एक अडचण अधिक असते. खात्रीचे तिकीट हातात असूनही विमानात जागा मिळाली नाही, तर त्याच शहरासाठी पुढचे विमान तासाभरात क्वचितच असते. ते संध्याकाळी असते किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून या भागातील प्रवाशाने जादा आरक्षणाचा, म्हणजे ओव्हरबुकिंगचा, नियम केवळ भरपाईच्या आकड्यापुरता न पाहता तो कसा घडत गेला हेही पाहिले पाहिजे. विमानातून कोणाला उतरवायचे हे प्रवाशाला विचारून ठरवावे, ही आज साधी वाटणारी कल्पना विमान कंपन्यांनी सुमारे दहा वर्षे धुडकावली होती, आणि आपल्याकडील नियमात ती आली तीही अर्धीच.

जादा आरक्षणाचे मूळ न येणाऱ्या प्रवाशांत आहे. आरक्षण करून ऐनवेळी न येणाऱ्यांमुळे आसने रिकामी जातात आणि उडालेल्या विमानातील रिकामे आसन पुन्हा विकता येत नाही. म्हणून कंपन्या आसनांपेक्षा थोडी अधिक तिकिटे विकतात. हे ‘थोडे’ किती नाजूक असते ते साध्या गणिताने कळते. ७८ आसनांचे एटीआर विमान घ्या आणि सरासरी शंभरातील पाच प्रवासी येत नाहीत असे धरा. ७९ तिकिटे विकली तर सगळे हजर राहून एक जण उरण्याची वेळ सुमारे साठ फेऱ्यांतून एकदा येते. ८० विकली तर तीच वेळ साधारण बारा फेऱ्यांतून एकदा येते आणि ८१ विकली तर जवळजवळ दर पाचव्या फेरीला. सरासरीने पाहिले तर ८१ पैकी ७७ जणच येणार असतात, तरीही हा परिणाम होतो. शिवाय हे गणित प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा राहतो असे मानते. लग्नसराईत मात्र एकाच वऱ्हाडाचे बारा जण आले तर बाराही येतात आणि राहिले तर बाराही राहतात, त्यामुळे अशा फेऱ्यांचा अंदाज हमखास चुकतो.

अमेरिकेत साठच्या दशकात हा प्रश्न सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्ड या नियामक मंडळापुढे आला. जागा नाकारलेल्या प्रवाशाला ठरावीक भरपाई द्यावी, असा नियम मंडळाने १९६७ मध्ये केला. कोणाला उतरवायचे हा निर्णय मात्र कंपनीकडेच राहिला, आणि व्यवहारात त्याचा फटका सर्वांत शेवटी काउंटरवर पोहोचणाऱ्याला बसत असे. त्या प्रवाशाची निकड किती आहे, हे कोणी विचारत नव्हते.

याच मुद्द्यावर ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक छोटा लेख लिहिला. (जगातील साधनसंपत्ती संपत चालली आहे की नाही यावर १९८० मध्ये पाच धातूंच्या किमतींची प्रसिद्ध पैज लावणारे आणि ती जिंकणारे सायमन ते हेच.) त्यांची योजना अशी होती की, विमानात जागा कमी पडल्यास प्रत्येक प्रवाशाला एक पाकीट द्यावे, पुढच्या विमानाने जाण्यासाठी आपण कमीत कमी किती रक्कम घेऊ ते त्याने लिहून द्यावे, आणि सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याला ती रक्कम देऊन त्याची जागा घ्यावी. ज्याला सभेला वेळेवर पोहोचायचे आहे तो मोठा आकडा लिहील आणि जाईल, तर ज्याला घाई नाही तो पैसे घेऊन खुशीने थांबेल. यात बळजबरीने कोणीच उतरत नाही. सायमन यांनी ही योजना कंपन्यांपुढे मांडली, पण ती अव्यवहार्य असल्याचे सांगून त्यांनी ती बाजूला सारली. माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. लिलाव पुकारायचा तर आपण जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली हे सर्वांसमोर कबूल करावे लागते, आणि तोवर कंपन्या ते उघडपणे सांगत नव्हत्या.

ती लपवाछपवी न्यायालयात उघडी पडली. एप्रिल १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतील राल्फ नेडर यांना वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या अलेघेनी एअरलाइन्सच्या विमानात खात्रीचे आरक्षण असूनही जागा नाकारण्यात आली. कंपनीने देऊ केलेली ३२ डॉलर ४१ सेंटची ठरावीक भरपाई त्यांनी नाकारली आणि जादा आरक्षणाची पद्धत लपवून कंपनीने आपली फसवणूक केली असा दावा लावला. असा दावा चालू शकतो, नियामक मंडळ आहे म्हणून न्यायालयाचे दार बंद होत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले. जबर दंडाची रक्कम नेडर यांच्या पदरात शेवटी पडली नाही, पण जादा आरक्षण झाकून ठेवणे कंपन्यांना आता परवडणारे नव्हते.

पुढच्याच वर्षी आल्फ्रेड काह्न हे अर्थशास्त्रज्ञ त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. सायमन यांची कल्पना त्यांना पटली आणि १९७८ मध्ये नियम बदलला: कोणाचीही जागा बळजबरीने काढून घेण्यापूर्वी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी आधी शोधलेच पाहिजेत. पाकिटे कोणी वाटली नाहीत. त्याऐवजी गेटवर रक्कम पुकारून ती चढवत नेण्याची पद्धत रुळली. युरोपीय संघाच्या २००५ पासून लागू झालेल्या नियमातही आधी स्वेच्छेने थांबणाऱ्यांना विचारणे बंधनकारक आहे, आणि बळजबरीने थांबवल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो द्यावे लागतात.

लिलाव मध्येच थांबवला तर काय होते, हे एप्रिल २०१७ मध्ये शिकागोच्या विमानतळावर दिसले. युनायटेडच्या नावाने चालणाऱ्या एका विमानात कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. आधी ४०० आणि मग ८०० डॉलर पुकारले गेले. कोणी उठले नाही, तेव्हा रक्कम चढवण्याऐवजी चार नावे निवडण्यात आली आणि उठण्यास नकार देणाऱ्या एका डॉक्टर प्रवाशाला ओढून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर कंपनीने स्वेच्छेच्या भरपाईची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत वाढवली. आठशेवर थांबलेली ती बोली आणखी थोडी चढली असती तर प्रकरण गेटवरच मिटले असते.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हा विषय ऑगस्ट २०१० मध्ये नियमबद्ध केला आणि भरपाईचे आजचे आकडे ऑगस्ट २०१६ पासून लागू झाले. खात्रीचे तिकीट असलेले आणि वेळेत हजर झालेले प्रवासी आसनांपेक्षा जास्त असतील तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणाऱ्यांना विचारावे, हे त्यात आहे. पण त्यांना काय द्यायचे हे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर सोडले आहे, आणि विमानतळावर तशी सोय असेल तरच, अशी पुस्तीही जोडली आहे. कल्पना अर्धी आली असे म्हटले ते यामुळे.

बळजबरीने थांबवलेल्या प्रवाशासाठी मात्र सूत्र ठरलेले आहे. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतले विमान दिले तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या बेरजेच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. चोवीस तासांनंतरचे दिले तर चौपट, कमाल २०,०००. प्रवाशाने दुसरे विमान नाकारले तर तिकिटाचा पूर्ण परतावा आणि शिवाय तीच चौपट रक्कम, त्याच कमाल मर्यादेत.

हे सूत्र गेटवर कसे काम करते ते पाहण्यासाठी जालन्याच्या एका बियाणे व्यापाऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊ. त्याने चिकलठाण्याहून हैदराबादचे सकाळचे तिकीट दोन महिने आधी काढले. मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून २,२०० रुपये. त्याच्या मागे उभ्या असलेल्या औषध कंपनीच्या अधिकाऱ्याने आदल्या रात्री तिकीट काढले; तीच बेरीज ६,५०० रुपये. एक जागा कमी आहे आणि पुढचे विमान संध्याकाळी आहे. व्यापाऱ्याला बळजबरीने थांबवले तर कंपनीला ४,४०० रुपये द्यावे लागतात. अधिकाऱ्याला थांबवले तर दुप्पट १३,००० होते, पण मर्यादेमुळे १०,०००. म्हणजे भाड्याच्या पटीत बांधलेली भरपाई कंपनीला स्वस्त तिकीटवाल्याकडे बोट दाखवायला लावते, मग त्याचे काम कितीही निकडीचे असो. पाकिटाच्या योजनेत नेमके हेच टळणार होते.

स्वेच्छेने थांबणाऱ्याला घासाघीस करताना आधाराला हाच आकडा आहे. व्यापाऱ्याने काउंटरवर जाण्याआधी तिकिटावरील भाड्याचा तपशील उघडून आपला सक्तीचा आकडा काढावा. कर आणि विमानतळ शुल्क त्यात धरू नये. ४,४०० रुपये नियमानेच मिळणार असतील तर २,००० च्या व्हाउचरवर ‘मी स्वेच्छेने थांबत आहे’ असे लिहून देण्यात तोटाच आहे, कारण तशी सही झाली की सक्तीच्या भरपाईवरचा हक्क गेला. रोख किंवा बँक खात्यात रक्कम मागितली तर कंपनी ४,४०० च्या फार पुढे सहसा जाणार नाही. व्हाउचर मात्र कंपनीला कमी खर्चाचे पडते, म्हणून त्यात मोठा आकडा मागायला जागा असते. पण त्याची मुदत, एकाच वेळी वापरण्याची अट आणि सुट्टीच्या दिवसांची बंदी आधी विचारून घ्यावी. याखेरीज संध्याकाळच्या विमानातील खात्रीचे आसन, दुपारचे जेवण, आणि दुसऱ्या दिवसावर गेले तर मुक्काम व जाण्यायेण्याचे वाहन हे सगळे बोलणीतच मागावे आणि लेखी घ्यावे. हैदराबादहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ते चुकल्याची भरपाई या सूत्रात नाही. अशा प्रवाशाने थांबायला तयार होऊच नये.

वाद उभा राहतो तो बहुधा रकमेवरून नव्हे, तर वेळेवरून. प्रवासी उशिरा आला अशी नोंद झाली तर बोर्डिंग नाकारल्याचा नियमच लागू होत नाही. म्हणून काउंटर बंद होण्याआधी पोहोचल्याचा पुरावा, म्हणजे वेब चेक-इनचा बोर्डिंग पास, काउंटरवरील वेळेसह फोटो, आणि जागा नाकारल्याचे कर्मचाऱ्याकडून लेखी कारण, तिथल्या तिथे मिळवावा लागतो. पात्र प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएने जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला होता, पण असा दंड सरकारजमा होतो. प्रवाशाला स्वतःचे पैसे स्वतःच मागावे लागतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि एअरसेवा पोर्टलवर तक्रार करावी. तिथे न मिटल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, आणि तिकिटाएवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यामुळे जालन्याच्या व्यापाऱ्याला कंपनीचे मुख्यालय असलेल्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार जालन्यातच दाखल होते.