चाळीस टक्के कशाचे? जमीनमालक-बिल्डर कराराची पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला ज्यांनी 1997 नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या जमिनीवर इमारत बांधण्याचे करार बिल्डरशी केले, त्यांच्या कपाटात एक नकाशा हमखास सापडतो. मजल्यांचे आराखडे, त्यावर रंगीत पेन्सिल. लाल फ्लॅट मालकाचे, निळे बिल्डरचे. प्लॅन मंजूर झाला की दोघे समोरासमोर बसत, रंग भरत आणि तो नकाशा जोडून पुरवणी करार नोंदवत. बाणेर, बालेवाडी महापालिकेच्या हद्दीत आल्यानंतरच्या काळात हीच रीत होती, तिला म्हणतात क्षेत्र वाटणी. "किती टक्के दिले?" असा प्रश्न आला की उत्तर बांधकामातल्या हिश्श्याचे असे, पैशांतल्या नव्हे.

या रीतीचे मूळ 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात आहे. पुण्यात मर्यादा 1,000 चौरस मीटर होती. त्यावरची मोकळी जमीन मालकाला सरळ विकता येत नसे, सूट मिळाली तरी ती अटींसकट. मग जमीन मालकाच्याच नावावर राहू द्यायची, विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र बिल्डरला द्यायचे आणि मोबदला इमारतीतून घ्यायचा, ही वाट रुळली. बिल्डरलाही ती सोयीची होती, कारण जमीन खरेदीसाठी बँक त्याला कर्ज देत नसे. महाराष्ट्रात तो कायदा 2007 च्या अखेरीस गेला, तरी सवय राहिली.

महसूल वाटणीचा जोर त्यानंतरचा. मोठे बिल्डर आले, जाहिराती मोठ्या झाल्या, आणि एकाच इमारतीत दोन विक्रेते त्यांना परवडेनात. हे दुखणे खरेच होते. बिल्डर 80 लाखांना फ्लॅट विकत असताना मालकाचा मेहुणा शेजारचा फ्लॅट 72 ला काढत असे आणि आठवडाभर ऑफिसात तोच विषय चाले. महसूल वाटणीत सगळे फ्लॅट एकच काउंटर विकतो आणि आलेल्या रकमेचा ठरलेला टक्का मालकाच्या खात्यात जातो. मालकाला फ्लॅट निवडायचे नाहीत, गिऱ्हाईक शोधायचे नाही. ऐकायला हे छान वाटते.

टक्का कशावर, हे मात्र करारात बारकाईने पाहावे लागते. बहुतेक मसुद्यांत 'एकूण विक्री रक्कम' अशी व्याख्या असते आणि पुढच्या परिच्छेदात वजावटींची यादी. जीएसटी, मुद्रांक, सोसायटीची अनामत या वजावटी रास्त आहेत, ते पैसे बिल्डरचेही नसतात. त्याच ओळीत कधी 'पायाभूत सुविधा शुल्क' येऊन बसते. 80 लाखांच्या फ्लॅटचे 74 लाख आणि 6 लाख असे दोन तुकडे केले, की 40 टक्केवाल्या मालकाचे दर फ्लॅटमागे 2 लाख 40 हजार गेले. क्षेत्र वाटणीत असे तुकडे पाडता येत नाहीत. तिथला झगडा वेगळा, तो मोजायचे ते फ्लॅटच्या आतले चटई क्षेत्र की जिना-लॉबी धरून येणारे विक्रीयोग्य क्षेत्र, आणि करारानंतर एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर बांधकामाची मुभा, वाढली तर तिच्यावर हक्क कोणाचा, यावरचा. डिसेंबर 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर हा दुसरा प्रश्न जुन्या करारांच्या फायली पुन्हा उघडायला लावत राहिला.

खरी गुंतागुंत आयकरात झाली आणि दोन पद्धतींमधला आजचा फरक तिथेच ठरला, असे माझे मत आहे.

1987 च्या वित्त कायद्याने 'हस्तांतरण' या शब्दाची व्याख्या रुंद केली. खरेदीखत झाले नसले, तरी कराराच्या भरवशावर ताबा दिला तर ते हस्तांतरणच. हेतू होता नोंदणी न करता कुलमुखत्यारपत्रावर होणारे व्यवहार पकडण्याचा. पण विकसन करारही त्याच जाळ्यात सापडला. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की करार एकूण वाचून जमिनीवरचा पूर्ण ताबा-नियंत्रण बिल्डरकडे गेल्याचे दिसत असेल, तर हस्तांतरणाचे वर्ष म्हणजे कराराचेच वर्ष. त्यानंतर अधिकाऱ्याच्या टेबलावर पहिला प्रश्न असे, कराराची तारीख कोणती? इमारतीची वीटही रचलेली नसायची, मालकाच्या हाती बिल्डरच्या अनामतीपलीकडे काही नसायचे, आणि पाच वर्षांनी मिळणाऱ्या फ्लॅटांवरचा भांडवली नफा आजच भरा म्हणून नोटीस यायची. कित्येकांनी कर भरायला वाटणीतले फ्लॅट बांधकाम होण्याआधीच पडेल दराने विकले.

2017 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने, करार नोंदवलेलाच नसेल तर या व्याख्येखाली हस्तांतरण होत नाही, असे ठरवले. त्यावर बातम्या खूप झाल्या. आपल्याकडे विकसन करार सहसा नोंदवलेलाच असतो, त्यामुळे इथल्या मालकाला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्यात आणलेल्या 45(5ए) या कलमाचा. नोंदणीकृत करार असेल, तर व्यक्ती आणि हिंदू एकत्र कुटुंब यांना कर कराराच्या वर्षी नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागेल. मोबदला किती धरायचा हेही ठरवले, दाखल्याच्या तारखेला मालकाच्या हिश्श्याचे मुद्रांक मूल्य, अधिक मिळालेले पैसे. सवलत मोठी होती. भावाभावांनी जमीन भागीदारी फर्ममध्ये टाकली असेल तर मात्र ती नाही, हे अनेकांना उशिरा कळले.

सगळा घोळ कलमातल्या एका शब्दात आहे. करार कोणता धरायचा? ज्यात मालक विकसनाला परवानगी देतो आणि बदल्यात प्रकल्पातला 'हिस्सा' घेतो, तो. पण हिस्सा म्हणजे जमीन किंवा इमारत किंवा दोन्ही, असे कलमच पुढे सांगते. सोबत काही रक्कम असली तरी चालते. मात्र मोबदला फक्त रक्कम असेल, म्हणजे निव्वळ महसूल वाटणी असेल, तर मालकाला जमीनही मिळत नाही, इमारतही नाही. तो कलमाच्या बाहेर.

आकड्यांत पाहू. 50 फ्लॅटची इमारत, दर फ्लॅटला 80 लाख, मालकाचा हिस्सा 40 टक्के, करार जून 2019 चा, सोबत बिल्डरने दिलेले 1 कोटी. क्षेत्र वाटणीत ते हिश्श्यावर जादा, महसूल वाटणीत पुढच्या हिश्श्यापोटी उचल. जुलै 2023 मध्ये दाखला. क्षेत्र वाटणीत मालकाला 20 फ्लॅट. दाखल्याच्या दिवशी रेडी रेकनरने, म्हणजे मुद्रांक मूल्याच्या सरकारी तक्त्याने, दर फ्लॅट 75 लाख धरला तर 15 कोटी, अधिक 1 कोटी, मिळून 16 कोटींवर हिशेब, तोही फ्लॅट तयार असताना. गरज पडली तर दोन-तीन विकून कर भागतो. महसूल वाटणीत रक्कम तितकीच, 40 कोटींचे 40 टक्के म्हणजे 16 कोटी. पण ताबा 2019 मध्ये दिला असल्याने जुन्या नियमाप्रमाणे त्याच वर्षी करपात्र. जमिनीची निर्देशांकाने वाढवलेली किंमत 2 कोटी धरून नफा 14 कोटी, 20 टक्क्यांनी 2 कोटी 80 लाख कर, अधिभार सोडून. हाती आलेले 1 कोटी. आणि ते 16 कोटी तरी 2019 मध्ये कोणाला ठाऊक होते? विक्रीचा दर पुढे वर-खाली होणारच.

त्यावर तोडगे निघाले. कोणी जमीन आधी व्यापारी मालात बदलून नफा विक्रीबरोबर दाखवला, कोणी पैसे हाती येतील तसतसा कर भरला. दोन्हीवर वाद घालता येतो आणि घातला जातोच. कलम लिहिणाऱ्यांनी महसूल वाटणी विसरून वगळली की जाणूनबुजून, यावर सल्लागारांत आजही दोन तट आहेत. मला ते विसरणे वाटत नाही. 2023 मध्ये याच कलमात दुरुस्ती करून रोखीखेरीज चेक, ड्राफ्ट वा इतर मार्गांनी मिळालेली रक्कम स्पष्टपणे जोडली, तेव्हा 'हिस्सा' या शब्दाला हात लावला नाही.

त्याच 2017 सालच्या मे महिन्यात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला आणि महसूल वाटणीला दुसरी अडचण आली. ग्राहकाकडून आलेल्या 100 रुपयांतले 70 वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यांवर कामाच्या प्रमाणात काढायचे. मोकळे उरतात 30. मालकाचे 40 त्यात मावत नाहीत. उरलेले जमिनीच्या खर्चापोटी, बांधकाम सरकेल तसे निघतात. 'दर चेकमागे सात दिवसांत मालकाचा हिस्सा' हे जुन्या मसुद्यातले कलम त्यामुळे कागदावरच राहते. मालकही रेराच्या दृष्टीने बिल्डरसारखाच प्रवर्तक ठरतो, मग वाटणी कुठलीही असो.

जीएसटीत मात्र पारडे उलटे आहे. 1 एप्रिल 2019 नंतरच्या प्रकल्पात बिल्डर मालकाला जे फ्लॅट बांधून देतो, त्या बांधकामावरही कर लागतो, आणि मूल्य धरतात ते कराराच्या सुमारास इतर ग्राहकांना विकलेल्या तशाच फ्लॅटचे. वरच्या उदाहरणात 20 फ्लॅटचे 16 कोटी, 5 टक्क्यांनी 80 लाख. ते कोणी भरायचे, यावर करारात एक ओळ नसेल तर ताबा देण्याच्या दिवशी बिल्डर पत्र काढतो. महसूल वाटणीत हा कर सरळ ग्राहकाच्या बिलात जातो, मालकाला कळतही नाही.

या सगळ्यातून हल्ली मिश्र करार जास्त दिसतात. कागदावर क्षेत्र वाटणी, मालकाच्या नावे 20 फ्लॅट, आणि वेगळ्या पत्राने ते विकण्याचे अधिकार बिल्डरला, म्हणजे एकच काउंटर. कर पुढे ढकलला जावा आणि दरही बिघडू नये, असा हिशेब. त्यात एक पाचर आहे. दाखला मिळण्याआधी मालकाने हिस्सा हस्तांतरित केला, तर 45(5ए) ची सवलत जाते आणि विकल्याच्या वर्षी कर लागतो. एक फ्लॅट विकला तर त्या एकापुरती जाते की सगळ्या वीसांची, याचे उत्तर कलमात नाही.

दुसरी पाचर दाखल्याचीच. कलम म्हणते, प्रकल्पाचा 'संपूर्ण किंवा काही भागाचा' दाखला. तीन इमारतींच्या प्रकल्पात ए इमारतीला भाग-पूर्णत्वाचा दाखला मिळाला, मालकाचे फ्लॅट सी मध्ये, आणि सी चा अजून पायाच चालू. करनिर्धारण अधिकारी ए च्या दाखल्याची तारीख धरायला मोकळा आहे. म्हणून पुरवणी कराराला बसताना काही जण आता दरवाजा पूर्वेला की पश्चिमेला हे नंतर बघतात. आधी विचारतात, पहिली इमारत कोणती पुरी होणार, आणि लाल पेन्सिल तिच्यावरच ठेवतात.