गेम टूडी, तरी लॅपटॉप का अडकतो?

गेमच्या पानावर लिहिलेलं असतं: किमान ४ जीबी रॅम. आपल्या लॅपटॉपमध्येही ४ जीबीच असते. हिशेब जुळला म्हणून गेम उतरवून घ्यावा, तर दर दोन मिनिटांनी चित्र गचका खातं. यात गेमवाले खोटं बोललेले नसतात. किमान गरजांच्या यादीत मेमरी किती हवी एवढंच सांगितलेलं असतं. त्या मेमरीतून सेकंदाला किती माल ये-जा करू शकतो आणि तिच्यावर आणखी कोण कोण हक्क सांगतं, हे यादीत नसतं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर तर सगळा खेळ तिथेच ठरतो.

फोंड्याला आमच्या शेजारच्या मुलाकडे असाच एक लॅपटॉप आहे. २०१५ च्या पिढीतला कोअर आय-थ्री, त्यातच बसवलेलं इंटेल एचडी ५५०० ग्राफिक्स, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि १३६६ गुणिले ७६८ चा पडदा. चवथीच्या सुट्टीत त्याने दोन गेम घातले. २०१८ चा ‘सेलेस्ट’ लोण्यासारखा चालला. २०१७ चा ‘हॉलो नाइट’ मात्र मधेच रेंगाळायचा. "काका, दोन्ही टूडीच ना? मग हाच का अडकतो?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण ‘टूडी हलका, थ्रीडी जड’ हा आपला ठोकताळा इथे कोसळतो.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. जीटीएक्स १०५० सारख्या साध्या कार्डातली मेमरीही सेकंदाला ११२ जीबी माहिती हलवते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला असं स्वतःचं काही नसतं. ते लॅपटॉपच्या रॅमवरच जगतं, आणि डीडीआर-थ्री १६०० प्रकारच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबीच जातात. त्यातही प्रोसेसरचा वाटा आहेच. मांडवीवर एकच पूल असताना पणजीत शिरायला जी तऱ्हा व्हायची, तीच इथे होते. गाडी कितीही दमदार असो, पुलावर रांगेतच उभी राहते.

आता थोडा हिशेब करू. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो असं धरलं, तर १२.८ जीबीचे ६० भाग पडतात आणि एका चित्राच्या वाट्याला साधारण २१३ एमबी येतात. या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख पिक्सेल आहेत. प्रत्येकाला चार बाइट लागतात, म्हणजे पडदा एकदा पूर्ण रंगवायचा तर ४.२ एमबी खर्च होतात. हे स्वस्त वाटतं. पण रंगवायचा थर अर्धपारदर्शक असेल, म्हणजे धुकं, सावली किंवा हलती पानं, तर ग्राफिक्सला आधी खालचा रंग वाचावा लागतो, मग नव्या थराचं चित्र वाचावं लागतं आणि दोन्ही मिसळून पुन्हा लिहावं लागतं. खर्च तिप्पट झाला, साडेबारा एमबीच्या वर. असे दहा थर एकावर एक आले की २१३ पैकी १२६ एमबी तिथेच संपले. प्रोसेसरमधली छोटी कॅशे मेमरी यातला काही भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरतो, पण दिशा हीच.

‘हॉलो नाइट’ची सगळी शोभा नेमकी या थरांत आहे. पाठीमागे गुहा, तिच्यापुढे धुकं, त्यापुढे वेली, सगळ्यात पुढे काळपट झाडोरा. शिवाय मागचं दृश्य धूसर केलेलं असतं, आणि एक पिक्सेल धूसर करायचा तर त्याच्या आजूबाजूचे कितीतरी पिक्सेल वाचावे लागतात. ‘सेलेस्ट’चं जग मात्र आतल्या आत ३२० गुणिले १८० एवढ्याच आकारात रंगवलं जातं आणि मग ताणून पडदाभर दाखवलं जातं. ते ५७,६०० पिक्सेल झाले, या पडद्याच्या अठराव्या हिश्शाइतके. तिथे दहा थर काय, पन्नास घातले तरी पुलावर गर्दी होणार नाही.

याच कारणाने काही थ्रीडी गेम या लॅपटॉपवर सुंदर चालतात. २००४ चा ‘हाफ-लाइफ २’ घ्या. त्यात बहुतेक वस्तू ठोस आहेत, भिंती, जमीन, पिंपं. भिंतीमागे काय आहे ते दिसणारच नसेल, तर ग्राफिक्स खोली तपासून तो पिक्सेल बराचसा रंगवायचाच टाळतं. आणि तो गेम ज्या काळात आला, तेव्हा २५६ एमबी रॅमवर तो चालावा अशी अपेक्षा होती. म्हणून गेम निवडताना मी पहिल्यांदा बघतो तो कोणत्या काळातल्या यंत्रासाठी बांधला होता. टूडी की थ्रीडी हे नंतर. नाव तेच असलं तरी फसायला होतं. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ला ३२ एमबी रॅम पुरायची, त्याच्याच २०१९ च्या नव्या आवृत्तीला किमान ४ जीबी लागते.

शेजारच्या मुलाच्या गेममध्ये आम्ही रिझोल्यूशन १०२४ गुणिले ५७६ वर आणलं. पिक्सेल साडेदहा लाखांवरून सहा लाखांच्या आत आले, म्हणजे जवळजवळ निम्मे. गेमच्या चित्राच्या सेटिंगमध्ये धूसरपणाची आणि उडत्या कणांची पातळीही कमी केली. चित्र किंचित मऊ झालं, पण रेंगाळणं गेलं. हीच निदानाची सोपी चाचणीही आहे. रिझोल्यूशन उतरवताच वेग वाढला, तर अडथळा ग्राफिक्सचा आणि मेमरीच्या त्या अरुंद वाटेचा आहे. काहीच फरक पडला नाही, तर दुसरीकडे शोधायचं.

तेवढं करूनही अधूनमधून एक मोठा गचका राहिला होता. नव्या जागेत शिरलं की चित्र क्षणभर थिजायचं आणि हार्ड डिस्कचा दिवा सलग पेटलेला दिसायचा. हे दुखणं वेगळं, रॅम अपुरी पडण्याचं. ४ जीबीतली दीड-दोन जीबी विंडोज १० स्वतःच घेतं. ग्राफिक्सलाही त्यातूनच हिस्सा द्यावा लागतो, म्हणजे गेमच्या यादीतली ‘ग्राफिक्स मेमरी’ इथे वेगळी मिळत नाही, त्याच ४ जीबीतून वजा होते. वर, ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला त्या स्टीमचा कार्यक्रम चालू असतो, आणि त्याच्या आत एक अख्खा ब्राउझर दडलेला आहे. जागा संपली की विंडोज काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवून देतं आणि लागेल तेव्हा परत आणतं.

ते परत आणणं किती महाग पडतं, तेही बघा. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, साडेपाच मिलिसेकंद. सुई जागेवर सरकायला आणखी दहा-बारा. एकूण झाले सोळा-सतरा. आणि ६० च्या वेगात एका चित्रासाठी मिळणारा सगळा वेळ असतो १६.७ मिलिसेकंद! डिस्ककडे एकदा जाऊन आलं की एक चित्र बुडालं. गेम शंभर तुकडे मागू लागला तर दीड सेकंद पडदा थिजणारच. इथे रिझोल्यूशन कितीही उतरवा, फारसा उपयोग नाही. ब्राउझर बंद करणं, स्टीम छोट्या खिडकीत ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो. थोडे पैसे घालायची तयारी असेल तर टास्क मॅनेजरमध्ये Memory च्या पानावर Slots used समोर काय आहे ते आधी वाचा. तिथे ‘1 of 2’ दिसलं तर नशीब चांगलं. त्याच प्रकारची दुसरी ४ जीबीची पट्टी लावली की जागा दुप्पट होते आणि दोन्ही पट्ट्या जोडीने चालल्याने वाटही दुप्पट रुंद होते, २५.६ जीबी. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर याहून फायद्याचा खर्च नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

तिसरी तक्रार गोव्यात जास्त ऐकू येते: पंधरा मिनिटं छान चालतो, मग हळू पडतो. ही उष्णतेची खूण. या प्रकारच्या चिपला प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १५ वॉटची मर्यादा आखलेली असते. एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतं. मे महिन्यात खोलीतच तेहेतीस अंश असतील आणि पंख्याच्या जाळीत धुळीचा दमट थर बसला असेल, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. जाळी साफ करायचीच, पण त्याबरोबर गेममध्ये चित्रांचा वेग ३० वर बांधून टाका. बेभान ४५ आणि २५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ३० डोळ्याला कितीतरी सुखाचे. उड्या मारायच्या गेममध्ये ३० जाणवतात, हे खरं. डाव आळीपाळीने टाकायचा असेल तर मुळीच नाही. ‘इनटू द ब्रीच’सारखा गेम म्हणूनच अशा लॅपटॉपचा खरा सोबती. चित्र दहा मिलिसेकंद उशिरा आलं म्हणून तिथे कोणी मरत नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. विंडोजमध्ये `dxdiag` टाइप करून Display च्या पानावर Feature Levels ची ओळ वाचा. एचडी ५५०० तिथे 11_1 पर्यंत जातं. गेमला 12_0 हवं असेल तर तो हळू चालण्याचा प्रश्नच येत नाही, तो सुरूच होत नाही. ‘डायरेक्टएक्स १२ आहे’ एवढं वाचून समाधान मानू नका, कारण हे ग्राफिक्स ती भाषा बोलतं, पण तिच्यातलं सगळं काम त्याला जमत नाही. दुसरं, किमान गरजांच्या यादीत ‘इंटेल एचडी ४०००’ असं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल, जसं ‘सेलेस्ट’च्या यादीत आहे, तर ती चांगली खूण. करणाऱ्यांनी पोटातलं ग्राफिक्स डोळ्यांसमोर ठेवलं आहे, आणि ५५०० त्यापुढचंच आहे.

तरी शंका उरली तर स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. हे दोन तास पहिल्या सोप्या पातळीवर रमण्यात घालवू नका. सुरुवातीच्या खोलीत शत्रू कमी आणि थर पातळ असतात. शक्य तेवढं पुढे, धुकं-पाऊस-गर्दीच्या जागी जा, सलग वीस मिनिटं खेळा, दोन-तीनदा जागा बदला, आणि एक नजर डिस्कच्या दिव्यावर ठेवा.