शेवटचं अक्षर जुळलं म्हणजे यमक जुळलं असं नाही

माझी भाची नववीत आहे, तिला शाळेच्या भित्तीपत्रकासाठी एक छोटी कविता द्यायची होती, अट एवढीच की प्रत्येक ओळीचं यमक एकच पाहिजे. तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली ती अशी:

संध्याकाळी गेलो रंकाळ्याला
भेळ घेऊन बसलो काठाला
गार वारा लागला अंगाला
आजीची आठवण आली मनाला

आणि खाली, "मामा, यमक जुळलंय ना?"

बघायला जुळलंय, चारही ओळी 'ला'वर संपतात. पण मोठ्यानं वाचा, कान कुठंच थांबत नाही. कारण हा 'ला' कवितेचा नाहीच, तो विभक्तीचा प्रत्यय आहे आणि मराठीत तो कुठल्याही नामाला लागतो. तो काढून बघा: रंकाळ्या, काठा, अंगा, मना. उरलेल्यात ळ्या, ठा, गा, ना, म्हणजे एक 'आ' सोडला तर काहीच सारखं नाही. 'गेलं, बसलं, हसलं' असं क्रियापदावर संपवलं की पण हाच प्रकार होतो, फक्त तिथं 'बसलं-हसलं'मधलं 'लं' काढल्यावर बस-हस उरतं, म्हणून ती जोडी टिकते, 'गेलं' टिकत नाही.

प्रत्ययानं जुळवलं की अजून एक होतं, ओळीत भरती येते. चौथ्या ओळीतलं 'मनाला' बघा. आठवण मनालाच येणार की, तो शब्द फक्त 'ला'साठी आलाय.

खरं यमक शेवटच्या अक्षराच्या आधीच्या स्वरापासून सुरू होतं. आपला रंकाळाच घ्या. त्याचं यमक 'ळा' नाही, 'आळा' आहे. म्हणून शाळा, कंटाळा, जिव्हाळा, पन्हाळा हे त्याच्या घरातले. गोळा आणि डोळा दिसायला जवळचे पण त्यांचं घर 'ओळा', सोहळा आणि सावळा 'अळा'वाले, आणि झाला-आला तर नाहीच नाही, ल आणि ळ आपल्या कानाला स्पष्ट वेगळे ऐकू येतात.

आता 'मग रंकाळ्याला, उन्हाळ्याला असं चालेल का' हे तिनं विचारलंच. चालतं, कारण ला काढला तरी 'आळ्या' उरतं. पण त्यात शाळा आणायला गेलं की 'शाळेला' होतं, स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप वेगळं, आणि कुटुंब तिथंच फुटतं. म्हणून मी तिला म्हटलं ओळीच्या शेवटी शब्द प्रत्ययाशिवाय ठेव, जसा आहे तसा, मग पुल्लिंगी-स्त्रीलिंगी सगळे एका पंगतीत बसतात.

यात एक फसवी जागा आहे. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा हे तिन्ही 'आळा'चेच, पण तिघांतला आळा म्हणजे मूळचा 'काळ'च घासून झालेला, म्हणजे तोही एक प्रकारचा प्रत्ययच. या तिघांवरच कविता उभी केली तर परत तेच, एकच शब्द तीनदा ऐकल्यासारखं वाटतं. त्यातला एक घ्यायचा आणि बाकी शाळा, रंकाळा, कंटाळा असे, ज्यांच्यात 'आळा' अंगचाच आहे.

दोन दिवसांनी तिनं परत पाठवली, ओळीला आठ अक्षरं धरून:

सुटे सायंकाळी शाळा
हळू लाल हो रंकाळा
जरा निवतो उन्हाळा
दूर निळसा पन्हाळा
आजी म्हणते, सांभाळा
घरी जायचा कंटाळा

सहा ओळी, एकच कुटुंब. 'सांभाळा' क्रियापद आहे, 'कंटाळा' नाम, 'पन्हाळा' गावाचं नाव, म्हणजे शब्दांची जात बदलत राहते आणि आवाज तोच राहतो, म्हणून सहाव्यांदा 'आळा' आला तरी कंटाळवाणं होत नाही. पुढचा शब्द कुठला येणार हे आधी कळत नाही ना. पहिल्या कवितेत 'ला' येणार हे दुसऱ्या ओळीतच कळून चुकतं. आणि आजीची आठवण आली असं सांगायची गरजच उरली नाही, आजी स्वतःच ओळीत येऊन बोलली.

मला स्वतःला तिसरी-चौथी ओळ सगळ्यात आवडली. उन्हाळा-पन्हाळा, यात नुसतं 'आळा' नाही, अख्खं 'न्हाळा' जुळलंय. अशी अक्षरं सलग जुळवण्यात मोरोपंतांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते जन्मले पन्हाळ्यावरच, 1729 साली. हे तिला माहीत नव्हतं, सांगितल्यावर तिनं त्या दोन ओळी मुद्दाम लागून ठेवल्या. वर दिलाय तो हा नंतरचा क्रम, पाठवली तेव्हा मधे आजी होती.