यंत्रवाचनासाठी मराठी संहितालेखन

संगणकीय आवाजाने मजकूर बरोबर वाचावा म्हणून त्यातले आकडे, संक्षेप आणि इंग्रजी शब्द तोंडी बोलले जातात तसे लिहून काढण्याची पद्धत. आवाज तयार होण्याआधी प्रणाली आकडे आणि खुणा शब्दांत बदलते. बहुतेक चुका तिथेच होतात, कारण एकच आकडा कुठे संख्या असतो, कुठे वेळ, कुठे नुसते सुटे अंक.

नागपूरची माहिती सांगणाऱ्या ध्वनिफितीतली ही नमुन्याची ओळ पाहा:

```
दि. १४/१०/१९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. Sitabuldi हून VNIT मार्गे बस स. १०.३० ला. चौकशी: ०७१२
```

ती अशी लिहावी:

```
चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन्न रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. सीताबर्डीहून व्हीएनआयटीमार्गे बस सकाळी साडेदहाला. चौकशीसाठी शून्य, सात, एक, दोन
```

सगळ्यात जास्त लक्ष वेळेकडे द्यावे लागते. ‘१०.३०’ला आवाज ‘दहा पूर्णांक तीस’ म्हणू शकतो. ‘दहा तीस’ म्हटले तरी अर्थ कळतो, पण मराठी कानाला साडेदहाच हवे असते. १.३० म्हणजे दीड, २.३० म्हणजे अडीच. ‘साडेएक’ कोणी म्हणत नाही. १०.४५ला तर पुढचा आकडा बोलावा लागतो: पावणेअकरा. नुसत्या शोधा-बदला आज्ञेवर हे काम सोडले की नेमके इथेच घोटाळे होतात. विभक्तिप्रत्यय आकड्याला सुटा लिहिला तर ‘ला’ वेगळा उच्चारला जाण्याची भीती असते. अक्षरी शब्दाला तो जोडता येतो. अक्षरी लिहिताना एकोणसाठ (५९) आणि एकोणसत्तर (६९) यांची अदलाबदल मात्र सहज होते, म्हणून मूळ आकड्याशी पुन्हा ताडून पाहावे.

संक्षेपांत लोक काय म्हणतात तेच प्रमाण. VNIT या नागपुरातल्या अभियांत्रिकी संस्थेचे नाव अक्षरे सुटी करून म्हटले जाते, तिथल्याच MIHAN प्रकल्पाचे मात्र शब्दासारखे, ‘मिहान’. ‘म.न.पा.’मधल्या टिंबांवर आवाज थांबतो. तिथे ‘महानगरपालिका’ लिहिलेले बरे. रोमन लिपीतल्या Sitabuldi चे ‘सिताबुल्डी’ होते आणि नागपूरकराला ते लगेच खटकते.

देवनागरीलाही मर्यादा आहे. ‘चाक’मधला च दंत्य, ‘चार्ट’मधला तालव्य, पण अक्षर एकच. ‘चार्ट’ चुकीचा ऐकू आला तर ‘च्यार्ट’ लिहून ऐकावे. पडद्यावर योग्य शब्दच दिसायला हवा असेल आणि प्रणाली एसएसएमएल ही खूणभाषा स्वीकारत असेल, तर बोलायचे रूप वेगळे देता येते:

```xml
<sub alias="च्यार्ट">चार्ट</sub>
```

एका आवाजाला मानवलेले रूप दुसऱ्याला मानवेलच असे नाही. म्हणून आवाज बदलला की अशा शब्दांची यादी पुन्हा ऐकून तपासावी लागते.