दुसरा प्रोटॉन हिशोबात कधी धरायचा?

चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या प्रत्येक रेणूकडे पाण्यात सोडून देता येतील असे दोन प्रोटॉन असतात. पहिला प्रोटॉन गेला की H₂A चा HA⁻ होतो, आणि दुसरा गेला की HA⁻ चा A²⁻. दुसरा प्रोटॉन निघायला नेहमीच जास्त अवघड असतो, कारण तो आधीच ऋणभारित झालेल्या आयनापासून तोडायचा असतो. म्हणून अशा आम्लाच्या द्रावणाचा सामू (पीएच) काढताना बहुतेक जण दुसरं विचरण सोडून देतात आणि गणित सोपं करून घेतात. बऱ्याचदा ते चालतं. पण कधी चालतं हे ठरवायची जी पद्धत सर्रास शिकवली जाते, ती मला अपुरी वाटते.

ती पद्धत अशी: दोन्ही विचरण स्थिरांकांची तुलना करा, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा हजारपट किंवा त्याहून मोठा असेल तर दुसरा विसरा. टार्टारिक आम्लाचे स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला साधारण K₁ = ०.०००९२ आणि K₂ = ०.००००४३ आहेत. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या जेमतेम एकवीस पट. हजारच्या कसोटीवर हे आम्ल साफ नापास होतं. मग याच्या प्रत्येक द्रावणासाठी लांबलचक घन समीकरण सोडवायचं का?

त्याआधी दुसरं विचरण नेमकं किती प्रोटॉन देतं ते पाहू. शुद्ध पाण्यात फक्त हे आम्ल टाकलं आहे आणि दुसरं विचरण थोडंच आहे, असं धरा. पहिल्या विचरणातून एक H⁺ सुटतो तेव्हा त्याच्याबरोबर एक HA⁻ तयार होतो, म्हणजे दोघांची संहती जवळजवळ सारखी. आता दुसऱ्या समतोलाचं समीकरण लिहा:

K₂ = [H⁺][A²⁻] / [HA⁻]

वर [H⁺] आणि खाली [HA⁻] सारखेच असल्याने ते एकमेकांना छेदतात आणि उरतं [A²⁻] ≈ K₂. द्रावण दाट असो की पातळ, A²⁻ ची संहती K₂ इतकीच राहते, आणि दुसऱ्या विचरणातून आलेले प्रोटॉनही तितकेच. पहिल्यांदा हे वाचताना खोटं वाटतं, पण वरच्या समीकरणात आम्लाची एकूण संहती कुठेच येत नाही.

म्हणजे खरी तुलना K₂ ची K₁ शी नाही. ती K₂ ची, पहिल्या विचरणातून मिळालेल्या H⁺ शी करायची. K₂ त्या H⁺ च्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर दुसरं विचरण सोडून द्यावं. पाच टक्केच का? H⁺ मध्ये पाच टक्के फरक पडला तर सामू फक्त ०.०२ ने बदलतो, आणि रोजच्या कामात याहून बारीक फरकावर क्वचितच काही अवलंबून असतं.

आता टार्टारिक आम्लावर ही कसोटी लावू. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोलार द्रावण घ्या. फक्त पहिलं विचरण धरून वर्गसमीकरण सोडवलं की H⁺ येतो ०.००९१४ आणि सामू २.०४. K₂ ला या H⁺ ने भागलं तर अर्धा टक्काही भरत नाही. इथे दुसरं विचरण बिनधास्त सोडावं. टार्टारिक आम्लाचा K₁ सगळ्या संदर्भग्रंथांत तंतोतंत सारखा नसतो; काही तक्ते तो ०.००१०५ च्या आसपास देतात. नुसत्या तेवढ्याने या द्रावणाचा सामू सुमारे ०.०३ ने सरकतो. दुसऱ्या विचरणाचा परिणाम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. तो पकडण्यासाठी घन समीकरण सोडवणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं.

हेच द्रावण शंभर पट पातळ करा, म्हणजे ०.००१ मोलार. पहिल्या विचरणातून H⁺ येतो ०.०००६०४, सामू ३.२२. आता K₂ चा वाटा सात टक्के. पूर्ण हिशोब केला तर सामू ३.१९ निघतो. लिटमस किंवा सामूच्या कागदी पट्टीवर हा फरक दिसणार नाही, चांगल्या मीटरवर दिसेल.

आणखी दहापट पातळ केलं की चित्र पालटतं. ०.०००१ मोलार द्रावणात पहिल्या विचरणाचा H⁺ उरतो ०.००००९१, सामू ४.०४, आणि K₂ त्याच्या जवळपास निम्म्यावर पोचतो. खरा सामू ३.९३ आहे. आम्ल तेच, स्थिरांक तेच, त्यांचं एकवीसपटीचं गुणोत्तरही तेच. बदलली ती फक्त संहती.

अशा वेळीही घन समीकरणाची गरज पडत नाही. पहिल्या टप्प्यात मिळालेल्या H⁺ ला h म्हणा आणि दुसऱ्या विचरणाने भर घातलेल्या H⁺ ला x. मग

(h + x) · x / (h − x) = K₂

हे साधं वर्गसमीकरण सोडवून x घ्या आणि h मध्ये मिळवा. शेवटच्या द्रावणासाठी x येतो ०.००००२५ आणि सामू ३.९४, म्हणजे खऱ्या उत्तरापासून एक शतांशाच्या आतच. दुसऱ्या विचरणामुळे पहिला समतोल किंचित हलतो, तो भाग यात धरलेला नाही. म्हणून एवढी तफावत.

कार्बोनिक आम्लाच्या बाबतीत मात्र कितीही पातळ केलं तरी चिंता नाही. त्याचा K₂ इतका लहान आहे (०.०५ नॅनोमोलारच्या आसपास) की पाण्याचे स्वतःचे H⁺ देखील त्याच्या हजारो पट भरतात. गंधकाम्ल दुसऱ्या टोकाला. त्याचा पहिला प्रोटॉन पूर्ण सुटतो आणि K₂ आहे सुमारे ०.०१२, म्हणून ०.०१ मोलार द्रावणात पहिल्या विचरणाचा H⁺ आणि K₂ जवळपास बरोबरीचे होतात. दुसरं विचरण सोडलं तर सामू २.०० येतो, तेही पूर्ण झालं असं धरलं तर १.७०, आणि खरा असतो १.८४. इथे दोन्ही सोपे रस्ते चुकतात.

या सगळ्या हिशोबाचा पाया एकच आहे: H⁺ आणि HA⁻ सारखे असणं. द्रावणात HA⁻ बाहेरून आला की तो पाया जातो. चिंचेतलं बरंचसं टार्टारिक आम्ल मोकळं असलं तरी काही भाग पोटॅशियमच्या क्षाराच्या, म्हणजे KHA च्या रूपात असतो. त्यामुळे चिंचेच्या कोळात HA⁻ ची संहती H⁺ पेक्षा जास्त होते आणि A²⁻ देखील K₂ पेक्षा जास्त. तिथे पाच टक्क्यांची कसोटी लावायला जाऊ नये.

नुसता KHA पाण्यात विरघळवला तर काय होतं तेही बघा. त्याचं संपृक्त द्रावण साधारण ०.०३४ मोलार असतं. दुसरं विचरण सोडून दिलं, तर HA⁻ ला प्रोटॉन घेण्यापलीकडे काही काम उरत नाही आणि गणित सामू ७.८ दाखवतं, म्हणजे किंचित आम्लारीधर्मी. प्रत्यक्षात २५ अंशांना या द्रावणाचा सामू ३.५६ असतो, आणि तो इतका स्थिर असतो की सामूमीटर जुळवण्यासाठी प्रमाण द्रावण म्हणून ते वापरलं जातं.